एका बिलाचा वायदा आणि खात्याची मुदत

घाऊक किराण्याच्या पेढीवर मी बरीच वर्षं हिशेब लिहितो. उधारी वाढवून मागणारी पत्रं माझ्याच टेबलावर येतात, आणि त्यातली बरीचशी एकाच वाक्यावर अडतात : "अडचण असल्याने उधारी थोडी वाढवून मिळावी."

उधारी म्हणजे रक्कम की दिवस, हा घोळ किरकोळ आहे. फोन केला की मिटतो. पण "दिवस" असं उत्तर आलं तरी खरा प्रश्न तसाच राहतो. एका बिलाचा वायदा पुढे ढकलायचा आहे, की खात्याची मुदतच बदलायची आहे? दुकानदाराच्या मनात पहिलं असतं आणि पत्रातून दुसरं वाचलं जातं. शेठ "नाही" म्हणतात ते त्या दुसऱ्याला.

लातूरकडच्या एका खेड्यातलं दुकान घ्या. मुदत २१ दिवसांची, माल आठवड्याला सरासरी ४०,००० रुपयांचा. दिवाळीसाठी ३ ऑक्टोबरला ८४,००० चं मोठं बिल झालं, त्याचा वायदा २४ ऑक्टोबर. गिऱ्हाइकांची खाती सोयाबीन विकल्यावर चुकती होतात आणि यंदा पावसानं काढणी लांबली. दुकानदाराला तीन आठवडे हवेत. त्यानं २४,००० आत्ता भरले आणि उरलेल्या ६०,००० चे दोन हप्ते ७ आणि १४ नोव्हेंबरला दिले, तर आमचं काय जातं? वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज धरलं तरी साधारण ५२० रुपये. जुन्या गिऱ्हाइकासाठी शेठ एवढं हसत सोडतात.

आता हेच पत्र "२१ ऐवजी ४२ दिवस द्यावेत" असं लिहिलं तर? आठवड्याला ४०,००० प्रमाणे तीन आठवड्यांचे १,२०,००० नेहमीच बाहेर असतात, ते सहा आठवड्यांचे २,४०,००० होतात. म्हणजे आमचे आणखी १,२०,००० कायमचे अडकले. त्याच दरानं वर्षाचं व्याज होतं २१,६००. शिवाय एका गावात ही मुदत दिली की शेजारच्या दुकानाचा फोन आठवड्यात येतो. पाचशे रुपयांची सवलत हवी असलेला माणूस एका ढिल्या वाक्यानं एकवीस हजारांची मागतो, आणि वर "शेठनी ओळख ठेवली नाही" म्हणतो.

आपलं कोणतं, हे कसं ओळखायचं? अडचण कोणत्या तारखेला संपते ते सांगता आलं, तर वायदा मागा. दर ऑक्टोबरला हेच होत असेल, तर त्याला अडचण म्हणू नका. तुमच्या गिऱ्हाइकाची रीतच तशी आहे. मग हंगामापुरती वेगळी मुदत मागा, आणि ती ऑगस्टमध्येच येऊन बोला. ती गोष्ट पत्रानं होत नाही.

वायद्याचं पत्र चार ओळींचं पुरे. मला असं आवडतं :

"स. न. वि. वि. आपल्या ३ ऑक्टोबरच्या रु. ८४,००० च्या बिलापैकी रु. २४,००० आज भरले आहेत. सोयाबीनची काढणी लांबल्याने उरलेल्या रु. ६०,००० साठी ७ व १४ नोव्हेंबरचे रु. ३०,००० चे दोन चेक सोबत जोडले आहेत. ही सवलत या एकाच बिलापुरती असावी. पुढील बिले ठरल्याप्रमाणे २१ दिवसांत देईन. १४ नोव्हेंबरपर्यंत लागणारा माल रोखीने नेईन, ती रक्कम त्या-त्या बिलातच जमा धरावी."

बिल नंबर मात्र हवाच. "आपणास विदित आहेच" नको, घरच्या आजारपणाचं पान तर नकोच.

शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. न सांगता दिलेले पैसे आम्ही सवयीनं सगळ्यात जुन्या बिलात जमा करतो. तुम्ही १५,००० चा माल रोखीनं नेलात असं समजता, आणि वहीत ते ६०,००० चे ४५,००० होतात; नवं बिल उघडंच राहतं. १४ तारखेला दोघांचे आकडे जुळत नाहीत. पैसे कोणत्या बिलाचे हे देतानाच सांगितलं आणि आम्ही ते घेतले, तर तसंच जमा धरावं लागतं. करार कायद्याचं कलम ५९ तेच सांगतं.

पत्र २४ च्या आधी पोचवा. २५ ला आलेल्या पत्राच्या आधी माल बंदचा निरोप गेलेला असतो. आणि या बिलापोटी जुना चेक आमच्याकडे पडून असेल तर नवे देताना तो हातात परत घ्या. तो चुकून बँकेत लागला आणि परत आला, तर आधी बँकेचा दंड आणि मग चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस, तीही ज्याची मुदत आम्हीच वाढवली त्या पैशांसाठी.