रेघ गाठीच्या आत की बाहेर?

‘फुफ्फुसाचा कॅन्सर आता संगणक शोधणार’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. ती वाचून वाटतं, की संगणकाला हजारो सीटी स्कॅन दाखवले आणि तो आपला आपण शिकला. त्याआधीचं काम बातमीत येत नाही. कोणीतरी बसून त्या प्रत्येक स्कॅनमधली प्रत्येक गाठ शोधलेली असते आणि तिच्याभोवती माउसने रेघ ओढलेली असते. संगणक शिकतो तो या रेघांवरून. गाठ खरोखर कुठे संपते हे त्याला दुसरं कोणी सांगत नाही.

रेघ ओढणाऱ्यांना ॲनोटेटर म्हणतात. कधी ते अनुभवी रेडिओलॉजिस्ट असतात, कधी त्यांच्या देखरेखीखाली काम करणारे तंत्रज्ञ किंवा शिकाऊ डॉक्टर. काम सुरू होऊन पहिल्या काही फाइली तपासून झाल्या, की टीम लीडला बहुतेक वेळा खुलाशाची ईमेल पाठवावी लागते. नमुन्यादाखल ती अशी असेल:

“सर्वांना नमस्कार. पहिल्या फेरीच्या फाइली पाहिल्या. मोठ्या गाठींचं काम छान जुळतं आहे, लहान गाठींत मात्र फार तफावत आहे. आजपासून पुढील गोष्टी सगळ्यांनी सारख्या पाळाव्यात. रेघ फक्त ३ ते ३० मिलिमीटरच्या गाठींना ओढायची. त्याहून लहान असेल तर मध्यावर एक ठिपका पुरे. रेघ गाठीबाहेरच्या पहिल्या पिक्सेलवरून जाईल आणि ती गाठीत मोजली जाणार नाही. विंडोची लेव्हल उणे ६०० आणि विड्थ १५०० ठेवायची, झूममधलं स्मूदिंग बंद ठेवायचं. एकमेकांना विचारून रेघ ओढू नका. शंका असेल तर ती शंकेच्या रकान्यात लिहा.”

यातले आकाराचे आणि रेघेचे नियम मनाने काढलेले नाहीत. एलआयडीसी-आयडीआरआय नावाचा अमेरिकेतला सीटी स्कॅनचा संग्रह या क्षेत्रात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याचं सविस्तर वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या १,०१८ स्कॅनवर चार-चार रेडिओलॉजिस्टनी खुणा केल्या, त्या याच नियमांनी. संग्रह खुला असल्यामुळे जगभरच्या संशोधकांनी तो वापरला.

ईमेलमधलं सगळ्यात क्षुल्लक वाटणारं वाक्य म्हणजे रेघ बाहेरच्या पहिल्या पिक्सेलवरून जाण्याचं. एका पिक्सेलने असा काय फरक पडणार? शेताच्या मोजणीत बांध कोणाच्या हिश्शात धरायचा, असाच हा वाद आहे. दहा एकरांच्या शेतात बांधाचं कोणाला फारसं काही वाटत नाही. दोन गुंठ्यांच्या तुकड्यात मात्र बांधच बरीच जागा खातो.

आकडे मांडून पाहू. छातीच्या सीटी स्कॅनची एक स्लाइस, म्हणजे शरीराच्या एका आडव्या कापाचं चित्र, ५१२ × ५१२ पिक्सेलची असते. मध्यम बांध्याच्या माणसाच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल साधारण ०.७ मिलिमीटरचा भरतो. म्हणजे ४.९ मिलिमीटर रुंदीची गाठ पडद्यावर अवघे ७ पिक्सेल रुंद दिसते. नियमाप्रमाणे रेघ बाहेरून गेली आणि मोजणाऱ्या प्रोग्रॅमने ती वगळली, तर रुंदी ७ पिक्सेल येते आणि हिशेब बरोबर बसतो. रेघ बाहेरूनच आहे, पण प्रोग्रॅमने ती गाठीत धरली, तर दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल वाढून रुंदी ९ होते, म्हणजे ६.३ मिलिमीटर. याउलट ॲनोटेटरने गाठीच्या स्वतःच्या कडेवरून रेघ ओढली आणि प्रोग्रॅमने ती नियमाप्रमाणे वगळली, तर उरतात ५ पिक्सेल, म्हणजे ३.५ मिलिमीटर.

गाठ एकच, मापं तीन. क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून ही तीन क्षेत्रफळं २५ : ४९ : ८१ अशी येतात. गाठ गोल धरली तर तिचं खरं आकारमान सुमारे ६२ घन मिलिमीटर आहे. स्लाइसची संख्या तीच ठेवून नुसत्या रेघेच्या घोळाने ते एकीकडे ३१ पर्यंत उतरतं आणि दुसरीकडे १०२ पर्यंत चढतं. वरखाली एखादी पुसट स्लाइस धरायची की नाही यातही मतभेद झाले, तर अंतर आणखी वाढतं.

दवाखान्यात हे आकडे नुसते शोभेचे नसतात. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये झालेल्या नेल्सन या फुफ्फुसतपासणीच्या चाचणीत, प्रथमच दिसलेली भरीव गाठ ५० घन मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर निश्चिंत, ५० ते ५०० मध्ये असेल तर अनिश्चित म्हणून पुन्हा स्कॅन, असा नियम होता. आपल्या उदाहरणातली गाठ ३१ ठरली तर रुग्ण घरी जातो, ६२ ठरली तर त्याला पुन्हा बोलावतात. त्याच चाचणीत आकारमान २५ टक्के किंवा अधिक वाढलं तरच गाठ वाढली असं धरत. आणि इथे गाठ तसूभरही न वाढता, फक्त रेघेची पद्धत बदलल्याने ६२ ची १०२ झाली, म्हणजे ६५ टक्के वाढ!

हा घोळ लवकर लक्षात का येत नाही, याचं कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. दोघांच्या रेघा किती जुळतात हे मोजायला डाइस गुणांक वापरतात. दोन्ही आकृत्यांच्या सामाईक भागाची दुप्पट करायची आणि तिला दोन्ही क्षेत्रफळांच्या बेरजेने भागायचं. पूर्ण जुळलं तर उत्तर १ येतं. ७ आणि ९ पिक्सेलवाल्या रेघांसाठी ते ९८ भागिले १३०, म्हणजे सुमारे ०.७५ येतं, आणि ते वाईट आहे. हीच एका पिक्सेलची चूक ३० मिलिमीटरच्या, म्हणजे ४३ पिक्सेल रुंद गाठीत झाली तर गुणांक ०.९५ च्या वर राहतो. सरासरी काढताना मोठ्या गाठी लहान गाठींची चूक झाकून टाकतात. म्हणून ‘आमची प्रणाली ९५ टक्के अचूक’ अशी जाहिरात दिसली, की दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या आकाराच्या गाठींवर, आणि कोणाच्या रेघेशी ताडून?

आता विंडोचा नियम. सीटीमधल्या प्रत्येक पिक्सेलला हौन्सफील्ड एककात एक आकडा असतो. पाण्याचा ०, हवेचा उणे १०००. हवेने भरलेल्या फुफ्फुसाचा साधारण उणे ८५०, भरीव गाठीचा अधिक ४० च्या आसपास. इतके सगळे आकडे पडद्यावर वेगवेगळ्या राखाडी छटांत एकाच वेळी डोळ्यांना ओळखू येत नाहीत, म्हणून त्यातला एक पट्टा निवडतात, तीच विंडो; लेव्हल म्हणजे तिचा मध्य, विड्थ म्हणजे तिची रुंदी. त्या पट्ट्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. लेव्हल उणे ६०० आणि विड्थ १५०० म्हणजे उणे १३५० ते अधिक १५० हा पट्टा.

गाठीच्या कडेचा पिक्सेल बहुधा अर्धा गाठीत, अर्धा फुफ्फुसात असतो. त्याचा आकडा दोन्हींच्या मधला, सुमारे उणे ४०० येतो. वरच्या पट्ट्यात तो चांगला उजळ राखाडी दिसतो. पण ॲनोटेटरने हृदय आणि रक्तवाहिन्या पाहण्याची विंडो, म्हणजे लेव्हल ४० आणि विड्थ ४००, लावून ठेवली असेल तर पट्टा उणे १६० पासून सुरू होतो आणि तोच पिक्सेल ठार काळा दिसतो. कडेचं सगळं कडं नाहीसं होतं आणि गाठ आपोआप बारीक दिसते. यात हात चुकलेला नसतो, पडद्यावरचं चित्रच वेगळं असतं. स्मूदिंगचंही तसंच: झूम केल्यावर सॉफ्टवेअर पिक्सेलच्या मधल्या छटा स्वतः भरून चित्र गुळगुळीत करतं, आणि मग ‘बाहेरचा पहिला पिक्सेल’ नेमका कोणता हे दिसतच नाही.

भरीव गाठीत उणे ४०० ही कामचलाऊ सीमा मानता येते. पण काही गाठी धुरकट काचेसारख्या असतात, त्यांचा स्वतःचाच आकडा उणे ६०० च्या आसपास. तिथे उणे ४०० ची सीमा लावली तर अख्खी गाठच गायब होते. अशा गाठींना ठरवलेल्या विंडोत डोळ्यांनी पाहूनच रेघ ओढावी लागते आणि त्यांत मतभेद जास्त राहणार हे टीम लीडने धरून चालायला हवं.

एकमेकांना विचारू नका, या सूचनेचं नव्या ॲनोटेटरला आश्चर्य वाटतं. एलआयडीसीमध्ये चौघांनी आधी स्वतंत्रपणे खुणा केल्या. नंतर इतरांच्या खुणा, नावं झाकून, प्रत्येकाला दाखवल्या आणि आपली खूण बदलायची की ठेवायची हे ज्याचं त्याला ठरवू दिलं. एकमत करायचा आग्रह नव्हता. निदान एका रेडिओलॉजिस्टने ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी म्हटलेल्या गाठी निघाल्या २,६६९, चौघांनीही तसं म्हटलेल्या फक्त ९२८. उरलेल्या गाठींबद्दल तज्ज्ञांतच मतभेद आहेत, ही माहिती उपयोगाची आहे. चहाच्या टेबलावर आधीच एकमत झालं असतं तर ती हरवली असती.

आणि गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. आपल्याकडे तर जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाच्या चुनखडी धरलेल्या गाठी नेहमी दिसतात. एलआयडीसीत रेडिओलॉजिस्टनी प्रत्येक गाठीला घातकतेचे १ ते ५ गुण दिले, तेही बहुतेक चित्र पाहून बांधलेले अंदाज. तुकडा काढून किंवा पाठपुरावा करून निदान ठरल्याची नोंद थोड्याच रुग्णांची आहे. या गुणांवर शिकलेल्या संगणकाने ‘कॅन्सर ओळखला’ असं छापणं म्हणजे रेडिओलॉजिस्टच्या अंदाजाची नक्कल केली, एवढंच.

राहता राहिला प्रश्न आधी झालेल्या फाइलींचा. सगळ्या रेघा सरसकट एका पिक्सेलने बाहेर सरकवाव्यात, हा सोपा उपाय सुचतो. तो करू नये, कारण ज्यांनी आधीच बरोबर ओढल्या त्यांच्या गाठी विनाकारण फुगतील. आधी कोणी कशी ओढली हे शोधायचं. प्रत्येक ॲनोटेटरच्या भरीव गाठींमध्ये नुसत्या रेघेखालच्या पिक्सेलचे हौन्सफील्ड आकडे काढायचे आणि त्यांचा मध्यक पाहायचा. तो उणे ४०० च्या बराच खाली असेल तर रेघ बाहेरून जाते, वर असेल तर गाठीच्या अंगावरून. रक्तवाहिनीला किंवा छातीच्या भिंतीला चिकटलेल्या गाठी या मोजणीतून वगळायच्या, कारण तिथे बाहेरचा पिक्सेलही उजळच असतो. ज्यांची रेघ अंगावरून जाते त्यांच्या १० मिलिमीटरच्या आतल्या गाठी आधी नव्याने ओढून घ्यायच्या, मोठ्या नंतर वेळ मिळेल तशा.