स्टिकरच्या कडेला पांढरी झालर का उरते?

फोटोतून माणूस कापून काढला तरी केसांभोवती पांढुरकी रेघ उरते. या रेघेचं मूळ स्टिकरपेक्षा बरंच जुनं आहे.

जीआयएफ फॉरमॅटमध्ये १९८९ साली पारदर्शकता आली, पण ती अर्धवट होती. पिक्सेल एकतर पूर्ण दिसायचा, नाहीतर अजिबात नाही. त्यामुळे कडा करवतीसारख्या दातेरी निघत. १९९६ च्या पीएनजीने प्रत्येक पिक्सेलला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या दिल्या. गुगलने २०१० साली आणलेल्या वेबपीमध्ये ही सोय थोड्याच काळात आली, आणि फाइलही लहान झाली. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्टिकर आणले तेव्हा म्हणूनच वेबपी निवडलं: ५१२ × ५१२ पिक्सेल, साध्या स्टिकरला १०० केबीची मर्यादा.

कड मऊ झाली खरी, पण झालर तिथेच जन्मली. पांढऱ्या भिंतीपुढच्या आजीचा फोटो घ्या. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला, तर केसाचा रंग २०, भिंतीचा २५०. कडेच्या पिक्सेलमध्ये दोन्ही निम्मे, म्हणून कॅमेऱ्याने १३५ नोंदवला. कापताना आपण त्याला ५० टक्के पारदर्शक केलं, पण १३५ मधली भिंत काही गेली नाही. चॅटची पार्श्वभूमी गडद, म्हणजे समजा २० असेल, तर तिथे सुमारे ७७ दिसतं. दिसायला हवं होतं २०. पांढऱ्या चॅटवर हा दोष लपून जायचा. मार्च २०२० मध्ये व्हॉट्सॲपला डार्क मोड आला आणि तो उघडा पडला. त्यामुळे स्टिकर नेहमी आधी गडद पार्श्वभूमीवर तपासावा.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे निवड थोडी आत ओढणं. गिम्प या फोटो एडिटरमध्ये पारदर्शकतेसाठी आधी Add Alpha Channel करा, आजीभोवती निवड करा, मग Select > Shrink ने ती १ ते २ पिक्सेल आत घ्या. कड मऊ करणारा Feather एखाद्या पिक्सेलपुरताच द्या. जास्त दिला की कडेला धूसर पट्टा येतो. मग निवड उलटी करून बाहेरचा भाग पुसा. हे सगळं मूळ मोठ्या फोटोवरच करायचं आणि आकार शेवटी कमी करायचा. आधीच लहान केलेल्या फोटोत केस आणि भिंत एकमेकांत मिसळलेले असतात, ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

व्हॉट्सॲपच्या मूळ सूचनांत स्टिकरभोवती ८ पिक्सेलची पांढरी रेघ आणि १६ पिक्सेल मोकळी जागा सुचवली आहे. ही रेघ मुद्दाम आणि सलग काढलेली असल्याने कुठल्याही रंगावर आकार उठून दिसतो, आणि सुटे केसही तिच्यात सामावतात. भुरभुरत्या केसांसाठी यापेक्षा सोपा मार्ग नाही.

५१२ चा चौरस पीएनजीमध्ये तयार झाला की टर्मिनलमध्ये cwebp ने त्याचं वेबपी करा:

```
cwebp -q 80 -alpha_q 100 aaji.png -o aaji.webp
```

फाइल १०० केबीच्या वर गेली तर फक्त `-q`, म्हणजे रंगांचा दर्जा, कमी करा. `-alpha_q`, म्हणजे पारदर्शकतेचा दर्जा, घटवला की कडांवर डाग उमटतात. आणि मधल्या कुठल्याही टप्प्यावर जेपीजी करू नका. त्यात पारदर्शकता साठवताच येत नाही, मागे सपाट रंग भरला जातो.