आयबीपीएसचा अर्ज: वहीच्या पानावरचं घोषणापत्र फोनवरून स्वच्छ करून कसं जोडायचं

बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरताना फोटो, सही आणि अंगठा पटकन जमतात. अडतं ते हाताने लिहायच्या घोषणापत्रावर. यंदा माझ्या भाचीचा अर्ज भरताना यातच दोन संध्याकाळी गेल्या, म्हणून इथे फक्त त्याबद्दल सविस्तर लिहितेय.

आधी पात्रता थोडक्यात. कोणत्याही शाखेची पदवी लागते. वय लिपिक पदासाठी २० ते २८ आणि पीओसाठी २० ते ३०. ओबीसींना ३ आणि एससी, एसटी उमेदवारांना ५ वर्षांची सवलत असते.

घोषणापत्राचा मजकूर त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेला असतो. तो जुन्या व्हिडिओतून न घेता तिथूनच उतरवा. पांढरा कागद, काळी शाई आणि इंग्रजी भाषा हवी. सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहिलेली चालत नाहीत. अक्षर उमेदवाराचंच हवं. दुसऱ्याने लिहून दिलं तर अर्ज अवैध ठरतो. ज्यांना दृष्टिदोषामुळे लिहिता येत नाही त्यांनी मजकूर टाइप करून खाली डाव्या हाताचा अंगठा द्यायचा. फाइल जेपीजी, ८०० बाय ४०० पिक्सेलची आणि ५० ते १०० केबीच्या मधली लागते.

घरात कोरा कागद नसेल तर प्रॅक्टिकलच्या जर्नलचं बिनरेघी पान उत्तम. रेघांचं पान घेऊ नका. रेघा पुसायला कॉन्ट्रास्ट इतका वाढवावा लागतो की अक्षरांच्या बारीक रेषाही त्याबरोबर जातात. मागच्या बाजूचं लिखाण पुढे दिसत असेल तर पानाखाली काळा कागद ठेवा, ते बरंच फिकं होतं.

भाचीने मजकूर पानाच्या पूर्ण रुंदीत दोन ओळींत लिहिला होता. कापल्यावर तो तुकडा ३००० बाय ७५० पिक्सेलचा, म्हणजे उंचीच्या चौपट रुंद झाला. चौकट मात्र दुप्पट रुंद. तो ८०० बाय ४०० मध्ये बसवताच अक्षरं उभी ताणली गेली आणि तिचं अक्षर तिचं वाटेना. शेवटी पट्टीने मोजून १० सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच जागेत पाच ओळींत पुन्हा लिहिलं, तेव्हा ते नीट बसलं.

फोटो दिवसा खिडकीजवळ काढा. उजेड बाजूने येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. फोन पानाला समांतर धरा. हाताची सावली डोळ्यांना फिकी दिसते, पण कॉन्ट्रास्ट वाढवला की तिचाच काळा डाग होतो.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा पान सरळ करा. स्कॅनर ॲपमध्ये चार कोपऱ्यांचे ठिपके दिसतात. ते पानाच्या खऱ्या कोपऱ्यांवर नेऊन ठेवले की तिरका फोटो आयताकृती होतो. आधीच मजकुराभोवती कापलंत तर कोपरेच हातात राहत नाहीत, आणि ओळी एका बाजूला निमुळत्या राहतात. मग २:१ या प्रमाणात कापा आणि चारही बाजूंना थोडी कोरी जागा सोडा. कॉन्ट्रास्ट सगळ्यात शेवटी, कारण फोटोत टेबलाची गडद कड राहिली तर ॲप तिलाच काळा रंग धरतं आणि शाई राखाडीच राहते.

वाढवायचा किती? कागद पांढरा दिसू लागला की थांबा. मग चित्र मोठं करून ‘e’ आणि ‘a’ बघा. त्यांची पोकळी भरली असेल किंवा रेघ तुटली असेल तर थोडं मागे या. निव्वळ काळं-पांढरं करणारा फिल्टर इथे टाळाच. फिकट शाईचे बारीक फराटे त्यात पार नाहीसे होतात. राखाडी छटा ठेवणारा पर्याय बरा. तुटलेलं अक्षर बोटाने गिरवून जोडू मात्र नका, पान पुन्हा लिहा.

शेवटचा अडथळा आम्हाला अनपेक्षित होता. पान इतकं स्वच्छ झालं की फाइल ४१ केबीची झाली आणि अर्जाने ती नाकारली. कोऱ्या पांढऱ्या भागात साठवायला फारसं काही नसतं, म्हणून आकार घटतो. पिक्सेल तसेच ठेवून जेपीजीची गुणवत्ता वाढवली आणि ६८ केबीवर काम झालं. उलट सावली आणि कागदाचे ठिपके राहिले, तर तीच फाइल १०० केबीच्या वर जाऊ शकते.

जोडल्यावर अर्जाच्या पूर्वावलोकनात प्रत्येक शब्द वाचता येतो का बघा आणि मगच अंतिम सबमिट करा. छापून बघायचं असेल तर २०० डीपीआयला हे चित्र साधारण १० सेंमी रुंद येतं. तेवढ्या आकारात ते वाचता आलं पाहिजे.