जास्तीचा कापलेला कर इथे परत मिळतो का?

“परदेशी क्लायंटने तिकडे कितीही कर कापू दे, इथे रिटर्नमध्ये सगळा वळता होतो. मग भारतात करासाठी रहिवासी असल्याच्या दाखल्याची खटपट कशाला?”

सगळा वळता होत नाही. एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून दोन देशांत जो करार असतो, त्यातल्या दरापेक्षा जास्त कापलेला भाग भारतात क्रेडिटसाठी धरलाच जात नाही. 1962च्या आयकर नियमावलीतल्या नियम 128मध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते.

समजा, अंबडमधल्या एका कंपनीने केनियातल्या शेतीसाठी ठिबक सिंचनाचे डिझाइन नाशिकमध्ये बसून केले. फी 10,000 डॉलर. केनियाच्या कायद्याने परदेशी सल्लागाराच्या फीवर 20 टक्के कपात होते, भारताशी झालेल्या करारात मर्यादा 10 टक्के आहे. क्लायंटने 2,000 कापले, तर इथे जास्तीत जास्त 1,000 चे क्रेडिट. उरलेले 1,000 केनियाच्या कर खात्याकडून परत मागायचे, आणि नाशिकहून ते किती जिकिरीचे होईल याचा विचार करा!

म्हणून कराराच्याच दराने कर कापा असे क्लायंटला सांगणारे पत्र बिलासोबतच जायला हवे, पैसे आल्यावर नाही. त्यात कराराचे तांत्रिक सेवा शुल्काचे कलम आणि 10 टक्के दर लिहा, केनियात आपले कार्यालय नाही हे सांगा, आणि दाखला जोडा. पॅनकार्ड चालत नाही. त्यावरून रहिवास ठरत नाही. दाखला आयकर अधिकारी देतात आणि तो ठरावीक आर्थिक वर्षापुरता असतो. गेल्या वर्षीचा जोडला, तर क्लायंटचा लेखापाल तो नाकारू शकतो. अर्ज एप्रिलमध्येच करून ठेवा.