कॅप्शनजोग्या ओळी (आवाज बंद असलेल्या व्हिडिओसाठी)

फोनवर वर सरकवता सरकवता आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आवाज न लावताही कळावा, यासाठी त्याचे बोलणे मुळातच पडद्यावर मावतील आणि वेळेत वाचून होतील अशा छोट्या ओळींत लिहिण्याची पद्धत. बोललेले जसेच्या तसे उतरवणे म्हणजे हे काम नव्हे. इथे आधी ओळ लिहिली जाते, मग ती बोलली जाते. मराठीत हा क्रम उलटा केला की काय बिघडते, हे पुढे येईल.

फेसबुकने २०१३ मध्ये फीडमधले व्हिडिओ आवाजाविना आपोआप चालवून पाहायला सुरुवात केली, तेव्हापासून या लेखनाची गरज पडू लागली. वेबसाइटवरही तोच नियम आला. २०१६ मध्ये आयफोनच्या सफारीने आणि २०१८ मध्ये क्रोमने असे ठरवले की म्यूट असलेला व्हिडिओ आपोआप चालेल, आवाजाचा मात्र सहसा बोट लागल्याशिवाय चालणार नाही. पानात व्हिडिओ बसवणारा म्हणूनच हे लिहितो:

```
<video autoplay muted playsinline loop>
```

२०१७ मध्ये फेसबुकने फीडमध्ये आवाज चालू ठेवायला सुरुवात केली, पण फोन सायलेंटवर असेल तर व्हिडिओ मुकाच राहतो. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर किंवा घरात बाळ झोपलेले असताना फोन सायलेंटवरच असतो.

मोजमाप: कॅरेक्टर नव्हे, अक्षर

सबटायटलची जुनी मापे इंग्रजीवर बेतलेली आहेत. टीव्हीसाठी ओळीला ३७ कॅरेक्टर, स्ट्रीमिंगसाठी ४२, अशी ती असतात. ती मराठीला लावली की फसगत होते, कारण सॉफ्टवेअर देवनागरीतली प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळा मोजते. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची मोजणी ११ येते, ‘करमणूक’ची ६. पडद्यावर मात्र दोन्ही शब्द जवळपास सारखीच जागा घेतात. त्यामुळे मराठीत उच्चारातली अक्षरे मोजावीत: स्वा-तं-त्र्य तीन, क-र-म-णू-क पाच.

उभ्या व्हिडिओची चौकट १०८० बाय १९२० पिक्सेलची असते. उजवीकडे लाइक-शेअरची बटणे असतात, खाली खात्याचे नाव आणि मजकूर. ती जागा सोडून, हात लांब धरूनही वाचता येईल एवढा टाइप ठेवला की एका ओळीत १४ ते १६ अक्षरे सुखाने बसतात. एका वेळी दोनच ओळी दाखवाव्यात, त्या मिळून एक पाटी होते. तिसरी ओळ घातली की बघणारा चित्र सोडून फक्त वाचत बसतो. ओळी पडद्याच्या अगदी तळाशीही नकोत, खालचा साधारण एक तृतीयांश भाग ॲपच्याच मजकुराखाली जातो असे धरून चालावे.

वेळेसाठी एक कामचलाऊ हिशेब पुरतो: सेकंदाला सहा अक्षरे, आणि नजर चित्रावरून ओळीवर यायला वरून अर्धा सेकंद. म्हणजे १२ अक्षरांना अडीच सेकंद, २१ अक्षरांना चार सेकंद. सराईत वाचणारा याहून पुष्कळ भरभर वाचतो हे खरे, पण त्याला त्याच वेळी चित्रही बघायचे असते. शब्द मोजून हिशेब करू नये. ‘शेतकऱ्यांसाठीच्या’ हा मराठीत एकच शब्द आहे, इंग्रजीत तेवढ्यात तीन-चार शब्द होतात.

ओळ कुठे तोडावी

मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. बोलताना याची अडचण होत नाही, कारण आवाजाचा चढउतार पुढचे सुचवत असतो. कॅप्शनमध्ये तो आधार नसतो. समजा पहिल्या पाटीवर ‘७५ ते १०० मिमी पाऊस होण्याआधी पेरणी करू’ असे आले आणि दुसऱ्या पाटीवर नुसते ‘नका’. पहिली पाटी बघून अंगठ्याने पुढे सरकलेल्या माणसाने नेमका उलटा सल्ला नेला. नकार आणि त्याचे क्रियापद एकाच पाटीवर, शक्यतो एकाच ओळीत असावे. तेवढी जागा नसेल तर वाक्यच वळवावे: ‘७५ ते १०० मिमी पाऊस होऊ द्या. / मगच पेरा.’ यात नकार उरतच नाही.

अशीच काही जोडपी फोडायची नसतात: ‘तपासून घ्या’, ‘करता येत नाही’, ‘पेरणीच्या आधी’, ‘१०० दाणे’, ‘३० किलो’. ओळ तोडायची चांगली जागा म्हणजे स्वल्पविरामानंतर किंवा ‘तर’, ‘पण’, ‘म्हणून’ यांच्या आधी. ही अव्यये खालच्या ओळीच्या सुरुवातीला शोभतात. वरच्या ओळीच्या टोकाला लटकली की वाचणारा पुढचे न वाचताच थांबतो.

एक उदाहरण

घरी राखलेले सोयाबीन पेरण्याआधी त्याची उगवण तपासण्यावरचा छोटा व्हिडिओ घेऊ. खरिपाच्या तोंडावर महाराष्ट्रात असे व्हिडिओ दरवर्षी निघतात. कॅमेऱ्यापुढे उभा राहून माणूस सहज बोलतो ते असे:

‘शेतकरी मित्रांनो, आपल्या घरी राखून ठेवलेलं सोयाबीन यंदा बियाणं म्हणून वापरायचं असेल, तर पेरणीच्या आधी त्याची उगवणक्षमता घरच्या घरी तपासून घेणं अत्यंत आवश्यक आहे.’

वाक्यात चूक काही नाही. पण त्यात ७६ अक्षरे आहेत, म्हणजे वाचायला साधारण १३ सेकंद लागतात. विषय कळायला विसाव्या अक्षरापर्यंत थांबावे लागते, करायचे काय हे साठीच्या पुढे कळते, आणि कसे करायचे ते अजून आलेलेच नाही. फेसबुक बरीच वर्षे तीन सेकंद पाहिले की एक व्ह्यू धरत असे. या वाक्याच्या पहिल्या तीन सेकंदांत हाती लागते ते ‘शेतकरी मित्रांनो, आपल्या घरी राखून’. हेच काम कॅप्शनजोग्या ओळींत सहा पाट्यांत होते:

घरचं सोयाबीन पेरताय? / आधी १०० दाणे तपासा.

ओल्या गोणपाटावर मांडा, / दहा ओळी, दहा-दहा दाणे.

गुंडाळा, सावलीत ठेवा. / रोज पाणी शिंपडा.

आठवड्याने कोंब मोजा.

७० किंवा जास्त? / बियाणं चांगलं.

७०च्या खाली? / बियाणं वाढवा किंवा बदला.

वरच्या हिशेबाने हे सगळे सुमारे १९ सेकंदांत वाचून होते, आणि पूर्ण कृती त्यात येते. ‘उगवणक्षमता’ हा सात अक्षरांचा शब्द गेला, कारण कोंब फुटलेले दाणे चित्रात दिसतातच. ‘अत्यंत आवश्यक आहे’ गेले, ‘तपासा’ या आज्ञेत ते आलेच. ‘शेतकरी मित्रांनो’ही गेले. ‘पेरताय?’ हा प्रश्न ज्याला लागू आहे तोच थांबतो. शंभर आणि सत्तर अंकांत लिहिले, कारण अंक एका नजरेत वाचला जातो. ‘दहा-दहा’ मात्र अक्षरांतच ठेवले, ‘१०-१०’ हे तारखेसारखे दिसते.

चौथी पाटी मुद्दाम एका ओळीची ठेवली आहे. आठवड्याची उडी तिथे आहे, आणि ती कळायला बघणाऱ्याला क्षणभर मोकळा हवा. सगळ्या पाट्या सारख्याच भरलेल्या असल्या की कोणती महत्त्वाची ते उमगत नाही.

कॅप्शनच्या ओळी आणि त्यांच्या वेळा ज्या साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवतात, त्या एसआरटी फाइलमध्ये या ओळी अशा बसतात:

```
1
00:00:00,000 --> 00:00:04,000
घरचं सोयाबीन पेरताय?
आधी १०० दाणे तपासा.

2
00:00:04,080 --> 00:00:07,900
ओल्या गोणपाटावर मांडा,
दहा ओळी, दहा-दहा दाणे.
```

पहिली पाटी शून्याव्या क्षणापासून आहे. ती हळूहळू उजळत आणली तर व्हिडिओचा सगळ्यात महागडा अर्धा सेकंद रिकामा जातो. दोन पाट्यांमध्ये ८० मिलिसेकंदांची फट ठेवली आहे, सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ती दोन फ्रेमची होते. फट नसेल तर सारख्या लांबीची पाटी बदलली हे डोळ्याला जाणवत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवावी, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अगम्य चिन्हे उमटतात.

नंतर काटछाट का जमत नाही

लांब वाक्य बोलून झाल्यावर फक्त कॅप्शन छोटे केले, तर आवाज लावून बघणाऱ्याच्या कानावर एक पडते आणि डोळ्यांपुढे दुसरे येते. थोडा फरक चालतो. इथे तो थोडा राहत नाही, कारण क्रियापद शेवटी असते: पाटीवर ‘तपासा’ दिसून जाते आणि बोलणारा अजून ‘राखून ठेवलेलं’पाशीच असतो. म्हणून संहिता लिहितानाच प्रत्येक पाटी वेगळ्या ओळीवर लिहावी, अक्षरे मोजावीत, आणि बोलणाऱ्याने तेवढेच बोलून एक श्वास थांबावे. पाट्यांमधली फट त्या श्वासात बसते. बोलणे थोडे तुटक वाटते, पण कृती सांगणाऱ्या व्हिडिओत ते खपून जाते. मुलाखतीत नाही. मुलाखतीत माणसाचे शब्द त्याचेच ठेवावेत आणि कॅप्शन छोटे करण्याऐवजी बोलण्याचा तुकडाच छोटा निवडावा.

एकेक शब्द टपटप उडवत दाखवण्याची फॅशन रीलवर फार आहे. देवनागरीत ती त्रासदायक होते. ‘ला’, ‘तर’, ‘च’ आणि ‘गोणपाटावर’ यांच्या लांबीत एवढा फरक असतो की नजर सारखी उजवी-डावी हलत राहते, आणि क्रियापद येईपर्यंत आधीचे शब्द नाहीसे झालेले असतात.

अक्षर फुटणे आणि बुजणे

काही संपादन सॉफ्टवेअर देवनागरीची जोडाक्षरे मूळ सेटिंगमध्ये जुळवत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे जाते, ‘क्ष’चे ‘क्‌ष’ होते. प्रीमियर प्रोमध्ये ग्राफिक्सच्या पसंतींत टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` निवडले की हे थांबते. तपासायला ‘किंमत’, ‘क्षमता’, ‘पेरण्यापूर्वी’ हे तीन शब्द टाइप करून पाहावेत. त्यांत वेलांटी, जोडाक्षर, उकार आणि रफार सगळे येते.

पांढऱ्या अक्षरांना काळी जाड किनार देण्याची इंग्रजी कॅप्शनची रीत इथे उतरवू नये. जाड किनारीत अनुस्वाराचा टिंब बुजतो आणि जोडाक्षरांतल्या पोकळ्या भरतात. ‘मांडा’चे ‘माडा’ दिसते. अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी टाकावी. दोन ओळींमध्ये अंतरही लॅटिनपेक्षा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर चढतो. टाइपाच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवले की दोन्ही सुटी राहतात.

कर्णबधिर प्रेक्षकासाठीची कॅप्शने हा वेगळा प्रकार आहे. त्यांत कोण बोलते आहे, दार वाजले, संगीत सुरू झाले, हेही लिहावे लागते. इथे वर्णन केलेल्या ओळी त्यांची जागा घेत नाहीत. व्हिडिओवर ओळी छापलेल्या असल्या तरी पूर्ण मजकुराची एसआरटी फाइल वेगळी जोडता येते. तेव्हा ती सुरू केल्यावर छापील ओळींवर चढत नाही ना, एवढे फोनवर पाहून घ्यावे.