एआयने तपासलेली स्क्रिप्ट आणि पडताळलेली स्क्रिप्ट

शूटिंगच्या आदल्या रात्री स्क्रिप्ट एआयला द्यायची, ‘एकदा नीट तपासून दे’ म्हणायचं, त्याने सुचवलेल्या चार दुरुस्त्या करायच्या आणि सकाळी कॅमेरा घेऊन निघायचं, असं हल्ली बरेच जण करतात. त्या तपासणीतून स्क्रिप्टचे भाग एकमेकांशी जुळतात की नाही ते कळतं. स्क्रिप्टमध्ये म्हटलंय ते खरोखर घडलं का, ते मात्र कळत नाही. दोन्ही कामं वरवर सारखी दिसतात आणि पहिलं झालं की दुसरंही झाल्यासारखं वाटतं, म्हणून एक उदाहरण घेऊन दोन्ही शेजारी ठेवतो.

समजा, देवगडची काही मुलं विजयदुर्गावर आठ मिनिटांचा माहितीपट करतायत. हातात पाच ओळींचा आराखडा आहे: किल्ल्याची ओळख, आंग्र्यांचं आरमार, १७५६ चा हल्ला, साहेबाचे ओटे आणि हेलियम, शेवट. हा आराखडा एआयला देऊन त्यांनी शूटिंग स्क्रिप्ट मागितली. काही सेकंदांत तक्ता तयार: सीन, शॉट, व्हॉइसओव्हर, वेळ. मराठी निवेदन मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्दांच्या वेगाने बरं वाटतं, म्हणजे आठ मिनिटांना आठशे-हजार शब्द लागतात. आराखड्यात शब्द जेमतेम बारा. उरलेले सगळे एआयने भरले आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात एखादं नाव, साल, जागा किंवा कारण येऊन बसलं. तपासायचंय ते हेच.

आता पहिली तपासणी. तिसऱ्या सीनमध्ये लिहिलंय की कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. चौथ्यात इंग्रज आरमार १७५६ मध्ये कान्होजींकडून विजयदुर्ग जिंकून घेतं. स्क्रिप्ट परत एआयला दिली तर ही विसंगती तो बहुतेक वेळा पकडतो, आणि बरोबर नावही सुचवतो: तुळाजी आंग्रे. एका सीनचा ‘सकाळ’ आणि पुढच्याचा ‘आदली संध्याकाळ’ असा गोंधळ, वीस सेकंदांच्या शॉटवर चाळीस सेकंदांचं निवेदन, एकच वाक्य दोनदा आलेलं, हेही त्याला सापडतं. ही मदत खरी आहे आणि ती जरूर घ्यावी. माणसाचा यात अर्धा दिवस जातो.

पण कान्होजींची चूक सापडली ती स्क्रिप्टमध्येच तिच्या विरुद्ध जाणारी दुसरी ओळ होती म्हणून. अशी ओळ नसेल तर काय होतं, ते किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांच्या पाचव्या सीनमध्ये दिसतं:

सीन ५, शॉट २. ओट्यांवरून कॅमेरा हळूहळू आकाशाकडे.
आवाज: १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर यांनी याच ओट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला.

तारीख बरोबर आहे. त्या दिवशी खग्रास ग्रहण झालं होतं आणि ते भारतातून दिसलं होतं. वाक्य नेटकं आहे आणि आधीच्या-पुढच्या कशालाही छेद देत नाही. त्यामुळे एआयची तपासणी त्याला हात न लावता पुढे जाते. शिवाय इंटरनेट शोधणारं साधन वापरलं तर तेही हीच गोष्ट सांगणारी पानं समोर ठेवतं, कारण ती कोकणात वर्षानुवर्षं सांगितली जाते. इथे जरा थांबायला हवं. एकमेकांवरून उतरवलेली दहा पानं म्हणजे दहा पुरावे नव्हेत. ती सगळी मिळून एकच पुरावा ठरतात, आणि तो कुठून आला ते त्यांच्यापैकी कोणीच सांगत नाही.

मग उलट बाजूने जायचं: इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकयर त्या दिवशी कुठे होते? त्यांचं स्वतःचं निरीक्षण २० ऑक्टोबर १८६८ चं आहे. ते इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, प्रकाश रंगांत फोडून दाखवणारा वर्णपटदर्शक वापरून केलेलं. ऑगस्टमधलं ग्रहण भारतात पाहणाऱ्यांत प्रसिद्ध नाव फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन यांचं, आणि ते आंध्रातल्या गुंटूरला होते. शिवाय त्या वर्षी दिसली ती सूर्यप्रकाशातली एक अनोळखी पिवळी रेषा. ती रेषा देणारा हेलियम पृथ्वीवर हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमझे यांना. म्हणजे निवेदनाच्या एका वाक्यात माणूस चुकला, जागा चुकली आणि ‘शोध लावला’ हेही घाईचं झालं. यातलं काहीही स्क्रिप्ट पुनःपुन्हा वाचून कळलं नसतं.

पडताळणीची माझी पद्धत साधी आहे. स्क्रिप्टची छापील प्रत घ्यायची. प्रत्येक नाव, साल, आकडा, जागा, ‘पहिला’ किंवा ‘सर्वात’ असलेला प्रत्येक दावा आणि प्रत्येक ‘त्यामुळे’ यांच्याखाली रेघ मारायची. मग समासात लिहायचं की हे मी कुठे पाहिलं. ‘एआयने सांगितलं’ हे उत्तर चालणार नाही. एआयने दिलेलं पुस्तकाचं नावही ते पुस्तक उघडून पान सापडेपर्यंत चालणार नाही. अशी नावं कधीकधी अस्तित्वातच नसतात. समास रिकामा राहिला तर वाक्य जातं किंवा बदलतं.

ओट्यांचं वाक्य काढून टाकायची गरज नाही. ओटे आहेत आणि लोक त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात, ही चित्रित करण्यासारखी गोष्ट आहे. नवं निवेदन असं होऊ शकतं: ‘गावात सांगतात की १८६८ चं ग्रहण पाहायला साहेब इथे आले होते. लॉकयर मात्र त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते, आणि जान्सन गुंटूरला.’ मला तर ही गोष्ट पहिल्यापेक्षा जास्त धरून ठेवणारी वाटते. पण चित्रही सांभाळायला हवं. जान्सनचं नाव कानावर येत असताना पडद्यावर ओटे दिसले, तर प्रेक्षक त्यांना तिथेच उभं करेल. शॉटसुद्धा दावा करतो, म्हणून रेघा ‘शॉट’च्या रकान्यातही मारायच्या.

त्या रकान्यात आणखी एक गंमतशीर चूक निघते. एआयला समुद्रकिनारा म्हटला की ‘समुद्रातून उगवणारा सूर्य’ लिहायला आवडतं. आपल्याकडे अरबी समुद्र पश्चिमेला. पहाटे पाचला तिपाई लावून बसलात तरी सूर्य पाठीमागून, जमिनीच्या बाजूनेच येणार. सीनची वेळ ‘सकाळ’ अशीच असल्याने सुसंगतीच्या तपासणीत हे बिनबोभाट पास होतं. तसंच सहज लिहिलेल्या ‘ड्रोन शॉट’चं: संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. हे दोन्ही निघायच्या आधीच सोडवावं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुसंगती, मग पडताळणी, आणि पडताळणीनंतर एआयकडे परत नाही. निवेदन दहा सेकंदांनी लांबलं म्हणून ‘जरा छोटं कर’ म्हटलं, की सगळ्यात आधी कापले जातात ‘गावात सांगतात की’ हे शब्द, कारण त्याच्या लेखी ते भरतीचे असतात. उरतं ते ‘१८६८ चं ग्रहण पाहायला साहेब इथे आले होते’, म्हणजे पुन्हा सरळ दावा. छोटं करायचंच असेल तर ते हाताने करावं. एआयकडून केलंच, तर जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून रेघ मारलेली प्रत्येक ओळ जुळवावी आणि मगच ती प्रत कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या हाती द्यावी.