ब्रॉयलर कोंबडीचा किलोमागे उत्पादन खर्च

ब्रॉयलर कोंबड्यांची एक बॅच विकून शेड रिकामी झाली, की त्या बॅचवर झालेल्या एकूण खर्चाला विकलेल्या जिवंत वजनाने भागतात. येणारा आकडा म्हणजे किलोमागे उत्पादन खर्च. तो मुख्यतः चार गोष्टींवर ठरतो: पिल्लाचा भाव, खाद्याचा भाव, खाद्यरूपांतर गुणोत्तर आणि मरतूक. पहिल्या दोन बाजाराच्या हातात असतात, उरलेल्या दोन बऱ्याच अंशी शेडमध्ये ठरतात. खाद्यरूपांतर गुणोत्तराला पोल्ट्रीवाले सरसकट ‘एफसीआर’ म्हणतात. एक किलो वजन मिळवायला किती किलो खाद्य लागले, ते हा आकडा सांगतो. तो जितका कमी, तितके चांगले.

एका बॅचचा हिशेब मांडून पाहू. यातले भाव उदाहरणापुरते धरले आहेत, प्रत्यक्षात ते आठवड्यागणिक बदलतात. शेडमध्ये एक दिवसाची ५,००० पिल्ले सोडली आणि त्यांतली २०० मेली, म्हणजे मरतूक ४ टक्के. ३८व्या दिवशी ४,८०० पक्षी सरासरी २.२ किलो वजनाने विकले गेले. एकूण वजन भरले १०,५६० किलो. खाद्याच्या ५० किलोच्या ३३८ गोण्या लागल्या, म्हणजे १६,९०० किलो. त्यामुळे एफसीआर १.६० आला. पिल्लू ४० रुपयांना धरले तर त्याचे २ लाख होतात. खाद्य ४२ रुपये किलोने ७,०९,८०० रुपयांचे झाले. लस व औषधे २५,००० आणि तूस, वीज, मजुरी, शेडचे भाडे मिळून ६०,००० रुपये. बेरीज ९,९४,८०० रुपये, म्हणजे किलोला सुमारे ९४ रुपये २० पैसे. यात ७१ टक्के वाटा एकट्या खाद्याचा आहे.

म्हणूनच एफसीआर ०.१ ने बिघडला की किलोमागे थेट ४ रुपये २० पैसे वाढतात. मका आणि सोयापेंड हे खाद्याचे मुख्य घटक असल्याने त्यांचे भावही लगेच जाणवतात. २०२१मध्ये सोयापेंडीचे भाव भडकले, तेव्हा पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली होती. सोयाबीन उत्पादकांनी अर्थातच विरोध केला.

मरतुकीचा परिणाम मात्र टक्केवारीवरून कळत नाही. पक्षी कोणत्या वयात मेला, हे त्याहून महत्त्वाचे आहे. वरच्याच बॅचमध्ये आणखी २०० पक्षी मेले असे समजू. ते पहिल्या आठवड्यात गेले, तर पिल्लाचे पैसे बुडतात, पण त्याने खाल्लेले खाद्य अगदी थोडे असते. खाद्य १६,२०० किलोवर येते, विकलेले वजन १०,१२० किलो भरते, एफसीआर १.६० वरच राहतो आणि खर्च किलोला ९५ रुपये ४० पैसे होतो. तेच २०० पक्षी ३५व्या दिवसाच्या आसपास उन्हाने गेले, तर तोवर प्रत्येकाच्या पोटात सुमारे ३ किलो खाद्य गेलेले असते. मग एफसीआर १.६६ आणि खर्च सुमारे ९७ रुपये ९० पैसे. दोन्हीकडे मरतूक ८ टक्केच, पण एकीकडे वाढ सव्वा रुपयाची आणि दुसरीकडे पावणेचार रुपयांची. मेलेल्या पक्ष्याचे वजन भागाकारात धरले जात नाही, त्याने खाल्लेले खाद्य मात्र धरले जाते, हे त्यामागचे कारण. शेडच्या दाराशी टांगलेल्या कार्डावर रोजची मर लिहितात ती यासाठीच. बॅच संपल्यावर काढलेली नुसती टक्केवारी फारशी कामाची नसते.

पहिल्या आठवड्यातली मर बहुधा ब्रूडिंगमधल्या, म्हणजे पिल्लांना ऊब देण्यातल्या, चुकीने किंवा मुळात अशक्त पिल्लांमुळे होते. ऊब कमी पडली की पिल्ले एकमेकांवर गर्दी करतात, जास्त झाली की ब्रूडरपासून लांब पळून चोच उघडी टाकून धापा टाकतात. पिल्ले सोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीस पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची अन्नपिशवी चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लाला दाणा व पाणी दोन्ही सापडले. कडक लागली तर पाणी कमी पडले आहे, आणि रिकामी असेल तर दोन्हींचा शोध घ्यावा. इथे मागे पडलेले पिल्लू मेले नाही, तरी पुढे वजनात मागेच राहते.

उशिराची मर विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताने होते, आणि त्यात सर्वांत जड पक्षी आधी जातात. दुपारी खाद्य पचवताना अंगातली उष्णता वाढते, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास फीडर वर उचलून घेतात आणि ऊन कलल्यावर खाली सोडतात. बाजूंना ओले गोणपाट आणि आत फॉगर लावतात, पण हवा खेळती नसेल तर फॉगरने दमटपणा वाढून उलट नुकसान होते.

मर कमी असूनही एफसीआर वाईट आला, तर आधी फीडरखालचे तूस हातात घेऊन पाहावे. त्यात दाणा सापडला तर खाद्य सांडते आहे. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवून तो पूर्ण न भरणे, हा त्यावरचा बिनखर्ची उपाय. तूस ओले होऊन ढेकळे धरत असेल, डोळ्यांना अमोनिया झोंबत असेल आणि विष्ठेत रक्ताचा अंश दिसत असेल, तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. अशा वेळी खाल्लेले अंगी लागत नाही.

एफसीआर कमी म्हणजे खर्चही कमीच, असे मात्र दरवेळी नसते. वय वाढते तसे शेवटचे शेवटचे वजन महाग पडते. सहाव्या आठवड्यात एक किलो वाढीला दोन किलो किंवा जास्त खाद्य लागते, त्यामुळे सरासरी एफसीआर चढतो. पण पिल्लाचे ४० रुपये जास्त वजनावर वाटले जातात. वरच्या बॅचमध्ये शेवटच्या दिवसांचा एफसीआर २.१ असेल, तर वाढीव किलोला खाद्य ८८ रुपयांचे लागते. ते ९४ च्या सरासरीहून कमी आहे, म्हणजे पक्षी आणखी दोनतीन दिवस ठेवल्याने सरासरी खर्च किंचित उतरेल. तो २.२५ च्या वर गेला की एकेक दिवस तोट्याचा. व्यापारी भाव पाडण्यासाठी लिफ्टिंग, म्हणजे शेडमधून पक्षी उचलणे, लांबवतात, तेव्हा हाच हिशेब उलटतो. वेगवेगळ्या वजनांच्या बॅचची तुलना करताना म्हणून एफसीआर २ किलोवर आणून पाहतात. २ मधून सरासरी वजन वजा करून येणाऱ्या आकड्याचा चौथा भाग मूळ एफसीआरमध्ये मिळवायचा. या बॅचचा असा आकडा १.५५ येतो.

करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात. तिच्या हिशेबातल्या उत्पादन खर्चात पिल्लू, खाद्य व औषधे ठरलेल्या दराने धरतात, शेतकऱ्याचे तूस, वीज, मजुरी धरत नाहीत. हा खर्च प्रमाणित आकड्याच्या खाली राहिला तर किलोमागची संगोपन मजुरी वाढते, वर गेला तर कापली जाते. त्यामुळे करार करताना मजुरीच्या दराबरोबरच खाद्य कोणत्या दराने लावले जाते आणि किती मरतूक मान्य आहे, हे वाचणे तितकेच गरजेचे ठरते.

अंड्यांच्या कोंबड्यांत हाच विचार एका अंड्यामागे करतात. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. शंभरांतल्या ९० कोंबड्या रोज अंडे देत असतील तर अंड्यामागे १२२ ग्रॅम खाद्य लागते, ७५ देत असतील तर १४७ ग्रॅम. खाद्य ३० रुपये किलो धरल्यास हा फरक अंड्याला सुमारे ७५ पैशांचा. इथे नुकसान सर्वांत जास्त होते ते अंडी सुरू होता होता मेलेल्या कोंबडीने, कारण अठरा-वीस आठवडे पोसण्याचा तिचा सगळा खर्च उरलेल्यांच्या अंड्यांवर चढतो.